पोच कोणाच्या भाषेत? इंग्रजी पोचेच्या बाजूने होणाऱ्या युक्तिवादांचा प्रतिवाद

संगणकीय संवाद-सेवा, म्हणजे माणसाने लिहिलेला मजकूर वाचून त्याला भाषेतच उत्तर देणारी यंत्रणा, शेती, महसूल आणि विमा यांसारख्या विषयांत गावपातळीपर्यंत पोहोचू लागल्यापासून एक प्रश्न तिच्या रचनाकारांसमोर वारंवार उभा राहतो. अशा प्रत्येक सेवेला कामाला लावण्यापूर्वी एक लेखी सूचना दिली जाते. सेवा कोणासाठी आहे, उत्तरे किती लांबीची असावीत, काय टाळावे, असे तपशील त्या सूचनेत असतात, तिला तंत्रज्ञ ‘सिस्टम प्रॉम्प्ट’ म्हणतात आणि या लेखात तिला ‘आरंभसूचना’ म्हटले आहे. ती वापरणाऱ्याला दिसत नाही आणि ती बहुधा इंग्रजीत लिहिलेली असते, कारण ती लिहिणारा अभियंता इंग्रजीत काम करतो. वापरणारा मात्र मराठीत लिहितो. अशा वेळी उत्तराच्या आधी जी एक-दोन वाक्यांची पोच दिली जाते, म्हणजे ‘आपले म्हणणे मिळाले आणि ते असे समजले’ हे सांगणारा जो मजकूर असतो, तो कोणत्या भाषेत असावा, हा तो प्रश्न. आरंभसूचना इंग्रजीत आहे, तेव्हा निदान पोच तरी इंग्रजीत असावी आणि पुढचे उत्तर हवे तर मराठीत द्यावे, असे मत काही रचनाकार मांडतात. हे मत वरवर निरुपद्रवी वाटते, पण ते पोच या वस्तूच्या स्वरूपाविषयीच्या गैरसमजावर उभे आहे.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक कल्पित पण नेहमीच्या घडणीचे उदाहरण घेणे योग्य ठरेल. वाशीम जिल्ह्यातील कारंजा तालुक्यातले कामरगाव हे सोयाबीन, तूर आणि कापूस पिकवणाऱ्या पश्चिम विदर्भातले गाव. येथे बोलली जाणारी मराठी वऱ्हाडी वळणाची. समजा, तेथील शेतकऱ्यांसाठी चालवलेल्या एका सेवेची आरंभसूचना पुढीलप्रमाणे आहे.

```
You are a helpful assistant for a farmers' service centre.
Answer briefly. Be friendly.
Confirm the request before answering.
```

आणि एका शेतकऱ्याचा पहिला संदेश असा येतो: ‘मागच्या खेपेला पीक पाहणी केली पण सातबाऱ्यावर सोयाबीन दिसून नाही राहिलं, काय करा लागते?’ येथे पीक पाहणी म्हणजे ई-पीक पाहणी, राज्यभर 15 ऑगस्ट 2021 पासून सुरू झालेली आणि शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून आपल्या पिकाची नोंद करण्याची पद्धत. आणि सातबारा म्हणजे गाव नमुना 7 व गाव नमुना 12 यांचा जोडउतारा, ज्यातील पहिला भाग जमिनीच्या हक्काची व दुसरा भाग पिकांची नोंद दाखवतो. शेतकऱ्याची तक्रार अर्थातच बाराच्या भागाविषयी आहे. आरंभसूचनेतील तिसरी ओळ सांगते की उत्तरापूर्वी विनंतीची खातरजमा करावी. म्हणजे पोच द्यावी. कोणत्या भाषेत, हे ती सांगत नाही.

इंग्रजी पोचेच्या बाजूने होणारा पहिला आणि सर्वांत वजनदार वाटणारा युक्तिवाद आज्ञाधारकतेचा आहे. तो असा की, आरंभसूचना ही सेवा चालवणाऱ्याची इच्छा असते, ती इंग्रजीत लिहिली हे त्या इच्छेचेच चिन्ह आहे, म्हणून जिथे सूचना गप्प आहे तिथे सूचनेची भाषा मानावी. या युक्तिवादात एका गोष्टीची दुसरीत सरमिसळ झाली आहे. सूचना कोणत्या भाषेत लिहिली आहे ही एक बाब आणि सूचना भाषेविषयी काय सांगते ही दुसरी. अभियंत्याने इंग्रजी निवडली ती त्याच्या सोयीने, त्याच्या सहकाऱ्यांना वाचता यावे म्हणून, किंवा केवळ सवयीने. शेतकऱ्याशी इंग्रजीत बोलावे असा विचार त्याच्या मनात आला असता तर तो त्याने चौथ्या ओळीत लिहिला असता. ज्याने ‘शेतकरी सेवा केंद्र’ या अर्थाचे शब्द लिहिले आणि ‘मैत्रीपूर्ण असावे’ अशी अपेक्षा नोंदवली, त्याची इच्छा शोधायचीच झाली तर ती शेतकऱ्याला कळावे ही आहे, आणि इंग्रजी पोच त्या इच्छेच्याच विरुद्ध जाते. आज्ञाधारकपणाचे नाव घेऊन आज्ञेचा हेतू मोडण्याचा हा प्रकार कचेऱ्यांना नवा नाही.

कचेऱ्यांचा उल्लेख झालाच आहे, तर या प्रश्नाचे उत्तर भारतीय प्रशासनाने संगणकाच्या कितीतरी आधी, एका मर्यादित क्षेत्रात का होईना, देऊन ठेवले आहे हेही पाहावे. केंद्र सरकारच्या 1976 च्या राजभाषा नियमांतील पाचवा नियम सांगतो की हिंदीत आलेल्या पत्राला केंद्रीय कार्यालयाने हिंदीतच उत्तर द्यावे. त्याच नियमावलीतील आठवा नियम मात्र फायलीवरील टिप्पणी, म्हणजे कार्यालयाच्या आत एका कर्मचाऱ्याने दुसऱ्यासाठी लिहिलेला मजकूर, हिंदीत किंवा इंग्रजीत लिहिण्याची मोकळीक कर्मचाऱ्याला देतो. हे दोन नियम शेजारी ठेवून वाचले की एक फरक स्पष्ट होतो: आतील लिखाणाची भाषा लिहिणाऱ्याच्या सोयीची आणि बाहेर जाणाऱ्या उत्तराची भाषा पत्र पाठवणाऱ्याची. फाइल इंग्रजीत लिहिली म्हणून उत्तरही इंग्रजीत जावे, असे कोणी म्हणू लागले तर तो पाचव्या नियमाचा भंग ठरेल. आरंभसूचना ही फायलीवरील टिप्पणीच्या जातीची आहे. ती आत लिहिली जाते, आत वाचली जाते, आणि ज्याच्याविषयी ती आहे त्याला ती दिसत नाही. पोच मात्र बाहेर जाते.

यावर दोन हरकती येऊ शकतात आणि दोन्ही ऐकून घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे हा नियम फक्त हिंदीसाठी आहे आणि केंद्रीय कार्यालयांपुरता आहे; मराठीला त्यातून कोणताही कायदेशीर हक्क मिळत नाही. हे खरे आहे. दुसरी अशी की संविधानाचा 350 वा अनुच्छेद प्रत्येकाला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क देतो, पण उत्तर कोणत्या भाषेत मिळेल याविषयी तो काही बोलत नाही. हेही खरे आहे, आणि म्हणूनच येथे कायद्याचा आधार हक्क सिद्ध करण्यासाठी घेतलेला नाही. तो एवढेच दाखवण्यासाठी घेतला आहे की आतील मजकुराची भाषा आणि बाहेरील उत्तराची भाषा या वेगळ्या ठेवता येतात आणि व्यवहारात ठेवल्या गेल्या आहेत. महाराष्ट्रातील राज्य कार्यालयांचे म्हणाल तर 1964 च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला राज्यकारभाराची भाषा केले आहे, आणि 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अर्जदाराला अर्ज क्रमांक व मुदत सांगणारी पोच देण्याचे बंधन घातले आहे. हे दोन कायदे एकत्र वाचणाऱ्याला कामरगावच्या अर्जदाराला द्यायच्या पोचेची भाषा शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. खासगी सेवेला ही बंधने तशीच लागू होत नाहीत. तिच्यासाठी कारण वेगळे आणि, या लेखाच्या दृष्टीने, अधिक महत्त्वाचे आहे.

ते कारण पोच करते ते काम. पोच ही शिष्टाचाराची ओळ आहे, खरा मजकूर पुढे येतो, म्हणून तिची भाषा कोणतीही चालेल, हा समज इंग्रजी पोचेच्या समर्थकांच्या मनात न बोलता वावरत असतो. वरच्या उदाहरणात तो तपासून पाहावा. शेतकऱ्याने ‘मागच्या खेपेला’ असे लिहिले आहे. याचा अर्थ मागच्या हंगामात असा होऊ शकतो आणि याच हंगामात मागच्या वेळी प्रयत्न केला तेव्हा असाही होऊ शकतो. दोन्ही अर्थांत पुढची कारवाई निराळी आहे: चालू हंगामाची नोंद असेल तर मुदत संपण्यापूर्वी ती पुन्हा पाहता वा करता येण्याची शक्यता उरते, मागच्या हंगामाची असेल तर ॲपमधील मुदत निघून गेलेली असते आणि प्रश्न गावातील महसूल कर्मचाऱ्याकडे, म्हणजे ज्याला लोक अजूनही तलाठी म्हणतात त्याच्याकडे, न्यावा लागतो. आता यंत्रणेने यापैकी एक अर्थ गृहीत धरून इंग्रजीत पोच दिली, तर तो अर्थ चुकला आहे हे ओळखण्याची संधी ज्या एकाच माणसाला होती, त्याच्या हातून ती गेली. पुढचे उत्तर शुद्ध मराठीत आले तरी ते चुकीच्या हंगामाविषयी असेल, आणि शेतकऱ्याला वाटेल की उत्तरच असे असते.

याउलट पोच अशी असू शकते: ‘सातबाऱ्यावर सोयाबीनची नोंद दिसत नाही, असे आपण कळवले आहे. ही नोंद या खरिपाची आहे की गेल्या हंगामाची, ते सांगावे. गट क्रमांकही कळवावा.’ यात शिष्टाचार थोडा आणि तपासणी अधिक आहे. यंत्रणेने काय समजून घेतले ते ती मांडते, कुठे शंका आहे ते दाखवते आणि दुरुस्तीचा मार्ग खुला ठेवते. पोच म्हणजे वाचणाऱ्याच्या हाती दिलेली तपासणीची संधी, आणि ती त्याला वाचता येईल अशा भाषेत नसेल तर ती दिली असे म्हणता येत नाही. पोच इंग्रजीत आणि उत्तर मराठीत, ही तडजोड म्हणून मांडली जाणारी योजना म्हणूनच सर्वांत वाईट आहे, कारण ती नेमका तपासणीचा भाग वाचणाऱ्यापासून लपवते आणि निष्कर्षाचा भाग त्याला देते.

या योजनेत एक तांत्रिक दोषही आहे. भाषा-प्रतिरूप, म्हणजे पुष्कळ मजकुरावरून शिकून शब्दामागून शब्द लिहीत जाणारी ती गणिती रचना, पुढचा प्रत्येक शब्दांश ठरवताना आधीचा सगळा मजकूर जमेस धरते. त्यात आरंभसूचना असते, वापरणाऱ्याचा संदेश असतो आणि स्वतः आतापर्यंत लिहिलेला मजकूरही असतो. पोच इंग्रजीत सुरू झाली की इंग्रजी आरंभसूचना आणि इंग्रजी पोच यांच्या मध्ये एक मराठी संदेश उरतो आणि पुढचे उत्तरही इंग्रजीकडे झुकण्याची शक्यता वाढते. कधी ते पूर्ण इंग्रजीत जाते, कधी पहिले वाक्य मराठीत आणि मुद्द्यांची यादी इंग्रजीत अशी अवस्था होते. हा दोष ओळखायला फारसे साधन लागत नाही. दहा-वीस मराठी संदेश पाठवून फक्त पहिली दोन वाक्ये आणि शेवटची दोन वाक्ये पाहिली तरी पुरते. पहिले वाक्य मराठीत आहे का एवढेच पाहणारी चाचणी मात्र अपुरी असते, कारण घसरण बहुधा पुढे होते.

दुसरा युक्तिवाद अनिश्चिततेचा आहे आणि त्यात काही तथ्य आहे. संदेश लहान असतो, देवनागरीत हिंदीही लिहिली जाते, लोक मराठी रोमन अक्षरांत लिहितात, बोलीत लिहितात, मधूनच इंग्रजी शब्द घालतात. मग भाषा ओळखण्यात चूक होण्यापेक्षा सुरक्षित म्हणून इंग्रजी बरी, असे म्हटले जाते. ओळखण्याची अडचण खरी आहे. ‘सोयाबीन भाव’ एवढाच संदेश आला तर तो मराठी आहे की हिंदी हे त्यातून ठरत नाही. प्रमाण मराठी ओळखण्याच्या ठरीव खुणा, म्हणजे ‘आहे’, ‘मला’, शब्दाला चिकटून येणारे प्रत्यय आणि ‘ळ’ हे अक्षर, यांतील काही नेमक्या कामरगावच्या बाजूला दगा देतात: वऱ्हाडीत ‘मला’चे ‘मले’ होते, ‘आहे’च्या जागी अनेकदा ‘हाय’ येते, आणि बोलण्यात ‘ळ’च्या जागी ‘य’ येऊन ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, जो काही लोक तसाच लिहितातही. प्रमाण मराठीच्या वर्तमानपत्री मजकुरावर घडवलेली ओळख-यंत्रणा असा संदेश हिंदी समजली तर नवल नाही. प्रत्यय मात्र टिकून राहतात. ‘सातबाऱ्यावर’ हा एकच शब्द, त्यातील सामान्यरूप आणि जोडून आलेला ‘वर’ यांमुळे, हिंदीची शक्यता जवळजवळ संपवतो.

पण या साऱ्या अनिश्चिततेतून इंग्रजी कशी निघते, हे या युक्तिवादाचे समर्थक कधी सांगत नाहीत. शंका मराठी की हिंदी अशी आहे. उत्तर म्हणून पुढे केली जाते ती तिसरीच भाषा, जी त्या संदेशात कुठेही नाही. दोन शक्यतांमध्ये निवड करता येत नाही म्हणून जी शक्यताच नव्हती ती निवडणे याला सावधगिरी म्हणत नाहीत. शंका खरीच असेल तर तिचे निराकरण सेवेच्या संदर्भातून करता येते. वाशीम जिल्ह्यातील शेतकऱ्यांसाठी असलेल्या सेवेत दोन शब्दांचा देवनागरी संदेश आला तर साध्या मराठीत पोच द्यावी आणि पुढच्या संदेशात हिंदी दिसली तर हिंदीत जावे. या रीतीत चूक झाली तरी ती एका वाक्याने दुरुस्त होते. रोमन लिपीतल्या मराठीचेही तसेच. ‘satbaryavar soyabin disat nahi’ असे लिहिणाऱ्याने इंग्रजी निवडलेली नसते, त्याने कळफलक निवडलेला असतो. त्याचे शिक्षण बहुधा मराठी शाळेत झालेले असते आणि देवनागरी वाचायला त्याला रोमन मराठीपेक्षा सोपी जाते, म्हणून पोच देवनागरी मराठीत द्यावी आणि त्याने तसे सांगितलेच तर लिपी बदलावी, हे मत येथे ठामपणे मांडावेसे वाटते, जरी लिपीही वापरणाऱ्याचीच राखावी असे म्हणणारे त्याला हरकत घेतील.

बोलीबद्दल मात्र उलट दिशेने सावध राहिले पाहिजे. वऱ्हाडीत आलेल्या संदेशाला वऱ्हाडीत पोच देण्याचा उत्साह काही जणांना असतो. परक्याने केलेली बोलीची नक्कल थट्टेसारखी वाटते, आणि यंत्राने केलेली तर हमखास बेतास बात. ‘काय करा लागते’ याला ‘काय करावे लागेल’ अशा साध्या, घरगुती प्रमाण मराठीत उत्तर द्यावे. बोली समजून घ्यावी, तिची नक्कल करू नये.

तिसरा युक्तिवाद असा की यंत्रणांची मराठी इंग्रजीइतकी चांगली नसते, म्हणून महत्त्वाचा मजकूर इंग्रजीत ठेवावा. मराठी कच्ची असते हे नाकारण्याचे कारण नाही, आणि पोच हे ती कच्ची असल्याचे पहिले ठिकाण असते. इंग्रजी आरंभसूचनेतील ‘मैत्रीपूर्ण’पणाचा अर्थ लावताना यंत्रणा शेतकऱ्याला ‘तू’ म्हणू शकते, कारण इंग्रजी सर्वनाम तिला आदराविषयी काही सांगत नाही. पन्नाशीच्या माणसाला अनोळखी आवाजाने ‘तू’ म्हणणे हे मैत्रीचे लक्षण कामरगावात कोणी मानणार नाही. पहिल्या पुरुषात बोलताना मराठी क्रियापद लिंग विचारते, ‘तपासतो’ की ‘तपासते’, आणि यंत्रणा कधी एक तर कधी दुसरे लिहून जाते. ‘नोंद घेतली आहे’, ‘तपासणी सुरू आहे’ अशा कर्त्याविना रचनेने ही अडचण सहज टळते. ठरीव नमुन्यात पिकाचे नाव भरणाऱ्या पोचेत आणखी एक चूक नेहमी दिसते. नमुना ‘___ची नोंद मिळाली’ असा असतो आणि त्यात सोयाबीन भरले तर ‘सोयाबीनची’ ठीक बसते, म्हणून चाचणीत चूक दिसत नाही. मग कापूस भरला जातो आणि ‘कापूसची’ होते, तूर भरली की ‘तूरची’, गहू भरला की ‘गहूची’. मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते, म्हणजे कापसाची, तुरीची, गव्हाची, हे इंग्रजीत नमुना लिहिणाऱ्याला सुचत नाही. उपाय सोपा आहे: ‘पीक: कापूस’ अशी रचना, ज्यात प्रत्ययच लागत नाही.

या साऱ्या चुका खऱ्या आहेत, आणि त्यांतील एकीवरही ‘म्हणून इंग्रजी’ हा उपाय नाही. पोचेचे प्रकार मोजके असतात, ते मराठी जाणणाऱ्या माणसाकडून एकदा लिहून घेता येतात, आणि मोडक्या मराठीतील चूक वाचणाऱ्याला निदान दिसते. निर्दोष इंग्रजीतील चुकलेला अर्थ त्याला दिसतच नाही.

खर्चाची बाजूही याच ओघात मांडली जाते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या रूढ साठवणीत तीन बाइट घेते, इंग्रजी अक्षर एक. आणि मोबाइलवरील साध्या लघुसंदेशात, म्हणजे एसएमएसमध्ये, इंग्रजीची 160 अक्षरे मावतात तर देवनागरीची फक्त 70 चिन्हे, काना-मात्रा वेगळ्या धरून. त्यापुढे गेले की दुसरा संदेश आणि दुसरे शुल्क. हा हिशेब बरोबर आहे, पण तो पोचेला लावून पाहिला की त्यातला दम जातो. ‘अर्ज मिळाला. पीक: कापूस. गट 112. उत्तर 7 दिवसांत.’ या मजकुरात रिकाम्या जागा आणि विरामचिन्हे धरून 49 चिन्हे आहेत, म्हणजे अर्ज क्रमांकासाठी अजून 21 शिल्लक राहतात. पोच 70 चिन्हांत मावत नसेल तर तिच्यात शिष्टाचाराचे वाक्य जास्त झाले आहे, असे समजून ते काढावे.

देखरेखीचा युक्तिवाद, म्हणजे मराठी न जाणणाऱ्या पर्यवेक्षकाला काय चालले आहे ते कळावे म्हणून पोच इंग्रजीत हवी, याला फार जागा देण्याचे कारण नाही. पर्यवेक्षकासाठीची नोंद वेगळी ठेवावी, इंग्रजीत ठेवावी, हवी तेवढी तपशीलवार ठेवावी. ती शेतकऱ्याच्या पडद्यावर ठेवण्याची गरज नाही.

याच सरमिसळीतून आणखी एक विचित्र प्रकार होतो. काही आरंभसूचनांच्या शेवटी ‘या सूचना समजल्याचे कळवावे’ अशा अर्थाची ओळ असते. रचनाकार एकटाच चाचणी घेत असेल तेव्हा ती ओळ ठीक आहे आणि तिला उत्तर इंग्रजीत येणेही ठीक आहे, कारण तेव्हा पोच वाचणारा तोच असतो. पण सूचना आणि शेतकऱ्याचा संदेश एकत्र पोहोचले की ती पोच शेतकऱ्याच्या पडद्यावर जाते, आणि ज्याने कोणतीच सूचना दिली नाही त्याला सूचना समजल्याचे सांगितले जाते. येथे भाषा बदलून भागत नाही. ‘सूचना समजल्या’ हे मराठीतही तितकेच निरर्थक आहे. सूचनेला पोच द्यायची नसते, ती पाळायची असते. पोच माणसाला द्यायची.

याचा अर्थ आरंभसूचनेला भाषा ठरवण्याचा अधिकार नाही, असा नाही. सूचनेत ‘फक्त इंग्रजीत उत्तर द्यावे’ असे स्पष्ट लिहिले असेल तर ती भाषेविषयीची आज्ञा आहे, केवळ भाषेतली आज्ञा नव्हे, आणि सेवा चालवणाऱ्याला तशी मर्यादा घालण्याचे कारण असू शकते, उदाहरणार्थ इंग्रजी शिकवणारी सेवा. तरीही मराठीत लिहिणाऱ्याला ही सेवा इंग्रजीतच चालते हे सांगणारे एक मराठी वाक्य दिल्याने त्या आज्ञेचा हेतू बिघडत नाही आणि माणूस अंधारात राहत नाही. ‘औपचारिक इंग्रजीत लिहावे’ असे लिहिले असेल तर लिहिणाऱ्याला औपचारिकपणा हवा होता की इंग्रजी, हे त्यातून उलगडत नाही. बहुधा मराठीत लिहिणारा कोणी येईल हेच त्याच्या मनात आले नसते, आणि म्हणून औपचारिक मराठी पोच व तिच्याखाली तोच मजकूर इंग्रजीत, अशी जोडरचना तेथे वाजवी ठरते. या दोन अपवादांपलीकडे जिथे सूचना भाषेविषयी गप्प आहे, तिथे तिच्यात पुढील दोन ओळी घालून प्रश्न मिटवता येतो.

```
Write every message, including the confirmation, in the language
of the user's latest full sentence. Write Marathi in Devanagari.
```

यातील ‘शेवटचे पूर्ण वाक्य’ ही अट सहज म्हणून घातलेली नाही. केवळ ‘शेवटचा संदेश’ असे लिहिले तर शेतकऱ्याने गट क्रमांक म्हणून ‘112’ पाठवताच किंवा नुसते ‘ओके’ रोमन अक्षरांत लिहिताच यंत्रणा इंग्रजीकडे वळू शकते, कारण आकड्यांना भाषा नसते आणि ‘ओके’ सगळ्यांचेच आहे. उलट ‘पहिला संदेश’ असे लिहिले तर मध्येच खरोखर हिंदीकडे वळलेल्या माणसाला मराठीतच अडकवले जाते. पूर्ण वाक्य धरले की दोन्ही टळते. एक स्थिती मात्र या अटीलाही सुटत नाही. शेतकरी कधी कधी ॲपवर आलेला इंग्रजी त्रुटीसंदेश जसाच्या तसा उतरवून पाठवतो. त्यासोबत एखादे मराठी वाक्य असेल तर पोच मराठीत द्यावी आणि त्रुटीसंदेश मूळ इंग्रजीतच उद्धृत करावा, कारण मदत केंद्रावर तोच मजकूर दाखवावा लागतो. आधी मराठीत बोलणे झाले असेल तर तीच भाषा पुढे न्यावी. पण पहिलाच संदेश म्हणून केवळ तो त्रुटीसंदेश आला, तर आरंभसूचनाही इंग्रजीत आणि संदेशही इंग्रजीत. येथे मराठीचा दावा संदेशावरून करता येत नाही, केवळ सेवेच्या जागेवरून करता येतो, आणि तो या लेखातील इतर दाव्यांइतका भक्कम नाही. अशा वेळी एका ओळीची पोच मराठीत व लगेच इंग्रजीत द्यावी, आणि दुसऱ्या संदेशाची वाट पाहावी.